वॉशिंग मशीन पाणीच घेत नाही, स्क्रीनवर IE येतंय. जाळी साफ केली तरी परत तेच. प्रेशर कमी आहे का मशीनच गेलं?

मेघा_शहापूर
नमस्कार मंडळी. आमचं फ्रंट लोड मशीन आहे, सात किलोचं. पहिल्या मजल्यावर बाथरूमच्या मागं ठेवलंय आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून मशीन फार हळू पाणी भरतंय, मग थोड्या वेळानं थांबतं आणि IE दाखवतं. बंद करून परत चालू केलं की कधी चालतं कधी नाही. दुरुस्तीला एकजण येऊन गेला, त्यानं मागचं झाकणही न काढता पाण्याचा व्हॉल्व्ह गेलाय, बदलायला लागणार, दोन हजारापर्यंत खर्च येईल म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही कारण मशीन कधीकधी एकदम नीट चालतं, मग व्हॉल्व्ह अर्धा गेला का काय? पाईप काढून मशीनच्या तोंडातली जाळी बघितली, तांबडी माती भरलेली होती, धुवून बसवली. दोन-तीन धुण्यांना बरं चाललं आणि परत IE. घरातले म्हणतात सरळ नवीन घेऊया, पण मशीन तसं जुनं नाही. कुणाला असा अनुभव आहे का, नक्की कुठून तपासायला सुरुवात करायची?

संजू_टिळकवाडी
प्रेशरच. दुसरं काही नाही. आमच्याकडं पण सेम होतं, बूस्टर पंप लावला आणि विषय संपला.

आक्का_निपाणी
मेघा, खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं बघ, ते उघडून फिल्टर काढ. आमच्यात त्यातनं रुपयाची नाणी, हेअरपिन, लहान पोराचा मोजा असलं काय काय निघालं. ते साफ केल्यावर मशीन मस्त चालायला लागलं. काढताना खाली ताट ठेव, पाणी येतं भरपूर.

दुरुस्ती_अनगोळ
आक्का, तो फिल्टर पाणी बाहेर जाताना लागतो. तो तुंबला तर मशीन पाणी सोडत नाही आणि एरर पण वेगळा येतो, बहुतेक OE किंवा तसलं. मेघाताईंचं पाणी आत येतानाच अडूलालंय, म्हणजे वरची बाजू बघायला पाहिजे.

ताई, मी बरीच वर्षं मशीन दुरुस्त करूलालोय. व्हॉल्व्ह बदलायच्या आधी एक काम करा, बादलीची चाचणी. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, पाईपचं मशीनकडचं टोक सोडवा. नळाकडचं टोक तसंच राहू दे. ते सुटलेलं टोक बादलीत धरा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाईलवर वेळ लावून बघा १० लिटर भरायला किती लागतं ते. पाईप मशीनच्या तोंडाएवढ्याच उंचीवर धरा, खाली जमिनीवर सोडू नका, नाहीतर उगीच जास्त धार दिसते. साधारण सव्वा-दीड मिनिटात १० लिटर झालं तर पाण्याचा पुरवठा ठीक. तीन-चार मिनिटं लागलं तर दोष मशीनच्या अलीकडं आहे, नळ, पाईप किंवा टाकी.

ही चाचणी मशीनच्या जाळीच्या आधीची आहे हे लक्षात ठेवा. बादलीत धार चांगली आणि मशीन तरी रडूलालं असेल तर मग जाळी नाहीतर व्हॉल्व्ह.

खानापूरचा_बाळू
आमच्याकडं थेट नळाच्या लाईनला जोडलंय. पाणी सुटलं की मशीन, पाणी गेलं की IE 😀 पण एक सांगतो, मधेच अडकलं तर साबणाच्या ट्रेमधनं तांब्यानं पाणी ओततो, आत लेव्हल झाली की मशीन आपणहून पुढं सरकतं. कपडे भिजून पडण्यापेक्षा बरं.

मेघा_शहापूर
@बाळू अरे हो, हे मी पण केलंय, चालतं खरं. पण प्रत्येक रिन्सला उभं राहून ओतायचं म्हणजे हातानं धुतल्यासारखंच झालं की.

@अनगोळ दादा, आज दुपारी करून बघते आणि सांगते. धन्यवाद. आक्का तुमचं पण बघून घेते, तो फिल्टर मी कधी उघडलेलाच नाही.

अथणीचा_मळेकरी
आमच्याकडं माती नाही, खार. बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो तसं जाळीला पण बसतो. बघायला जाळी स्वच्छ दिसते पण उजेडाकडं धरली तर निम्मी भोकं बंद. ब्रशनं जात नाही ते. लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर कोमट पाण्यात घालून तास-दीड तास भिजत ठेवायची, मग घासली की सुटतं. बेळगावात तुमचं राकसकोपचं, हिडकलचं गोडं पाणी, तुम्हाला हा त्रास कमी असणार, तुम्हाला मातीच त्रास देणार. आमच्या घरी तर साबणाला फेसच येत नाही, पावडर दुप्पट लागते, तो वेगळाच धागा होईल.

लता_वडगाव
मळेकरी, आमच्या विहिरीचं पाणी इतकं मऊ आहे की पावडर थोडी जास्त पडली तरी फेस दारातनं बाहेर यायचा राहतो. त्यात मशीन फेस बघून जास्त पाणी घेतं का, असं वाटतं मला, बरोबर का?

दुरुस्ती_अनगोळ
लताताई, बरीच मशीनं फेस जास्त झाला की थांबतात, रिन्स वाढवतात, त्यामुळं वेळ वाढतो. पण हळू पाणी भरण्याचा आणि फेसाचा संबंध नाही. पावडर कमी करा इतकंच.

संजू_टिळकवाडी
माझं अजून म्हणणं आहे, ती मशीनमधली जाळी काढूनच टाका. नळाला बाहेरनं मोठा फिल्टर मिळतो, पारदर्शक असतो, तो लावला की आतली जाळी लागतच नाही. दोन-दोन जाळ्या ठेवायच्या म्हणजे प्रेशर अजून कमी.

दुरुस्ती_अनगोळ
संजूभाऊ, बाहेरचा फिल्टर लावा, चांगलाच आहे, आतला गाळ बघायला मिळतो. पण आतली जाळी काढू नका. व्हॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो, तो एका लहान भोकावर बसून पाणी बंद करतो. बारीक खडा त्याच्याखाली अडकला की पडदा पूर्ण बसत नाही आणि मशीन बंद असताना पण थेंब थेंब पाणी आत जात राहतं. आठवडाभर गावाला गेला आणि नळ उघडा राहिला तर परत येऊन दार उघडल्यावर पाणी घरभर. असं बघितलंय मी लोकांच्या घरात. बाहेरचा फिल्टर लावला तरी पाईप बदलताना, टाकी साफ केल्यावर जो गाळ येतो तो पाईपमध्येच असतो, त्याला अडवणारी शेवटची वस्तू म्हणजे ती आतली जाळी.

जाळी साफ करताना पण सुईनं, टाचणीनं टोचू नका. एक भोक फाटलं की जाळी असून नसल्यासारखी. मधे छोटा दांडा असतो तो पातळ तोंडाच्या पकडीनं धरून सरळ ओढायची, जुन्या टूथब्रशनं वाहत्या पाण्यात उलट्या बाजूनं घासायची.

संजू_टिळकवाडी
ठीक आहे, हे मला माहीत नव्हतं. पण पंपाचं माझं म्हणणं कायम.

मेघा_शहापूर
चाचणी केली. दुपारी साडेबाराला १० लिटरला जवळपास अडीच मिनिटं. म्हणजे दादांच्या हिशेबानं कमीच. मग नळाकडचं टोक पण सोडवलं, तर तिथं रबरी वॉशरमध्येच एक बारीक गोल जाळी बसवलेली होती, मला माहीतच नव्हतं तिथं पण जाळी असते म्हणून. मशीनकडच्या जाळीपेक्षा ही जास्त भरली होती, तांबडी माती आणि वर हिरवट चिकट थर. धुवून बसवली आणि परत बघितलं तर १० लिटर एक मिनिट वीस सेकंदात! मशीनकडची जाळी पण परत काढून धुतली. संध्याकाळी मशीन लावलं, एकदम सुरळीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लावलं आणि शेवटच्या रिन्सला परत IE. 😞 आता काय करावं कळेना. जाळ्या स्वच्छ, बादली भरते, तरी पण.

खानापूरचा_बाळू
सकाळी सातला अख्ख्या घराच्या आंघोळी चालू असणार.

मेघा_शहापूर
हो, तेच. पण आधी पण सकाळी आंघोळी व्हायच्याच की, आणि मशीन चालायचं. फरक एवढाच की आधी मी धुणं दुपारी लावायची, टाकी भरून झाल्यावर. आता जूनपासून सकाळची वेळ झालीय कारण दुपारी घरी कुणी नसतं.

अभियंता_हिंदवाडी
मेघाताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे असं मला वाटतं. काही मापं द्याल का? टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर आहे की स्टँडवर? टाकीच्या तळापासून मशीनच्या पाण्याच्या तोंडापर्यंत उभी उंची किती? आडवा पाईप किती लांब आहे ते नको, फक्त उभी उंची. आणि मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, तो बघा. शेवटचं, सकाळी सातला टाकीत पाणी किती असतं आणि दुपारी किती असतं?

आक्का_निपाणी
मी म्हणलेला फिल्टर उघडलास का मेघा?

मेघा_शहापूर
आक्का उघडला, त्यातनं दोन बटणं आणि एक सेफ्टी पिन निघाली. चांगलं झालं सांगितलं ते.

अभियंता दादा, टाकी थेट स्लॅबवरच आहे. मिस्टरांनी टेप लावून मोजलं, टाकीच्या तळापासून मशीनच्या तोंडापर्यंत आठ फूट. टाकीची उंची साडेतीन फुटाच्या वर आहे थोडी. पुस्तिकेत लिहिलंय किमान ३० किलोपास्कल, कमाल १००० किलोपास्कल. टाकी आमच्या भागात पाणी येतं त्या दिवशी भरते, पुढच्या दिवशी सकाळी निम्म्याच्या खाली गेलेली असते, तिसऱ्या दिवशी तर तळाला.

अभियंता_हिंदवाडी
बरोबर. आता हिशेब सोपा आहे. पाणी १० मीटर वर असेल तर खाली साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे १०० किलोपास्कल. एक मीटरला १० किलोपास्कल धरा. तुमच्या मशीनला ३० लागतं, म्हणजे पाण्याची पातळी मशीनच्या तोंडापेक्षा ३ मीटर, म्हणजे जवळपास १० फूट वर पाहिजे.

तुमची टाकी पूर्ण भरली की पातळी ८ अधिक साडेतीन, साडेअकरा फूट. म्हणजे ३५ किलोपास्कल, चालतंय. टाकी निम्मी झाली की पावणेदहा फूट, म्हणजे २९ च्या आसपास, काठावर. तळाला आली की आठ फूट, २४ किलोपास्कल. त्यात पाईपमधल्या घर्षणात थोडं जातं, आणि त्याच लाईनवर गिझरचा नळ उघडला की अजून खाली. म्हणजे दुपारी टाकी भरल्यावर मशीन चालणार, सकाळी टाकी खाली असताना रडणार. तुमचं मशीन सकाळ-दुपार ओळखत नाही, टाकीची पातळी ओळखतं. आणि शेवटच्या रिन्सलाच का अडकलं, तर तोवर मशीननं स्वतःच आधीच्या रिन्ससाठी टाकीतलं पाणी वापरलेलं असतं आणि आंघोळी पण चालू असतात.

लता_वडगाव
पण मग बादली कशी भरली सव्वा मिनिटात? तिथं प्रेशर कसं पुरलं?

दुरुस्ती_अनगोळ
लताताई चांगला प्रश्न, बऱ्याच लोकांना इथंच फसायला होतं आणि दुरुस्तीवाल्यांना पण. बादलीत पाणी मोकळं पडतं, त्याला ढकलायला काही लागत नाही, पाईप मोठा असला की दाब कमी असला तरी धार मोठी. पण मशीनचा व्हॉल्व्ह नळासारखा हातानं उघडत नाही. आतल्या कॉईलनं फक्त एक बारीक भोक उघडतं आणि बाकीचा पडदा पाण्याच्याच दाबानं वर उचलला जातो. दाब पुरेसा नसेल तर पडदा अर्धाच उचलतो. कॉईल चांगली, जाळी चांगली, बादली चांगली, आणि तरी मशीनमध्ये पाणी मुंगीच्या चालीनं. म्हणून मी बादलीची चाचणी मोकळी पास झाली की पुढं टाकीची उंची विचारतो. अभियंता साहेबांनी माझ्या आधी विचारलं.

व्हॉल्व्ह खरंच गेलाय का ते कानानं कळतं. मशीन पाणी घ्यायच्या वेळी मागं कान लावा. गुणगुण असा आवाज येतो का बघा. आवाज येतोय आणि पाणी नाही किंवा कमी, तर कॉईल जिवंत आहे, पाणी पोचत नाहीय. आवाजच नाही तर कॉईल किंवा वायरिंग, मग मीटर लावून बघायला लागतं. आणि एक, फ्रंट लोडमध्ये एकाच व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात दोन-तीन कॉईल असतात, मुख्य धुण्याला एक, सॉफ्टनरला एक. जाळी सगळ्यांना एकच. त्यामुळं मुख्य धुणं झटकन भरतं आणि फक्त सॉफ्टनरच्या वेळीच दरवेळी अडकतं असं असेल तर ती एक कॉईल गेलेली असू शकते. मेघाताईंचं तसं वाटत नाही, कारण दुपारी पूर्ण सायकल होते.

मेघा_शहापूर
आज टाकी तळाला आलेली होती तेव्हा मुद्दाम लावलं. गुणगुण येते! आणि साबणाच्या ट्रेमध्ये बारीक धार पडताना दिसते, करंगळीएवढी पण नाही. टाकी भरली तेव्हा परत ट्रे थोडा ओढून बघितला, तर पाणी सगळीकडं उडत होतं. म्हणजे व्हॉल्व्ह बदलून दोन हजार गेले असते आणि प्रश्न तिथंच राहिला असता.

आता उपाय काय? पंप का टाकी उचलायची? मिस्टर म्हणतात दोन्ही नको, दुपारचंच धुणं ठेव.

संजू_टिळकवाडी
म्हटलं होतं ना मी पहिल्याच प्रतिसादात 😀 पंप लावा. टाकीच्या खालच्या लाईनवर लहान प्रेशर पंप, नळ उघडला की आपोआप चालू.

अभियंता_हिंदवाडी
संजू, निष्कर्ष बरोबर पण पोचलास वेगळ्या वाटेनं. पहिल्या दिवशी पंप लावला असता तर तुंबलेल्या जाळीवर पंपाचा जोर आला असता, पाणी थोडं वाढलं असतं आणि सगळ्यांना वाटलं असतं झालं. जाळी नंतर पूर्ण बंद झाली की पंप असूनही IE.

माझा सल्ला टाकी उचलायचा. साडेतीन फुटाचा लोखंडी स्टँड केला की तळाला पण साडेअकरा फूट मिळतात, म्हणजे आज टाकी भरलेली असताना जो दाब मिळतो तोच टाकी रिकामी होताना मिळेल. वीज नको, आवाज नको, बिघडायला काही नाही. पण आधी बघा स्टँडचे पाय स्लॅबच्या मधे येऊ नयेत, खाली बीम किंवा भिंत असलेल्या जागी यावेत. हजार लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच एक टन वजन. जुनं घर असेल तर कुणाला तरी दाखवूनच करा. आणि मशीनला टाकीतनं वेगळी लाईन टाका, पाऊण इंची, म्हणजे गिझरचा नळ उघडला तरी मशीनचा दाब हलणार नाही.

दुरुस्ती_अनगोळ
साहेब, स्टँड चांगला पण शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांत कितीतरी घरांवर एक टन वर चढवायला जागा पण नसते आणि लोक भितात. मी म्हणतो फक्त मशीनच्या लाईनवर लहान पंप, आख्ख्या घराला नको. घरातल्या प्रत्येक नळाला प्रेशर दिलं की जुनी जोडणी, जुने वॉशर सगळे गळायला लागतात. पंप टाकीच्या नंतरच लावायचा, महापालिकेच्या नळावर थेट नाही, ते चालत नाही आणि शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं. पंपाच्या आधी जाळी पाहिजेच, नाहीतर पंपच गाळ घेऊन बसतो.

अजून एक करता येतं. व्हॉल्व्हच्या तोंडात जाळीच्या मागं एक रबरी गोल चकती असते, ती जास्त प्रेशरला पाणी आवरते. कमी प्रेशरच्या घरात आम्ही ती काढतो. त्यानं बरंच पाणी वाढतं.

अभियंता_हिंदवाडी
चकती काढायला माझा विरोध आहे. आज दाब कमी आहे म्हणून काढली, उद्या त्यांच्या भागात २४ तास पाणी आलं आणि कुणी थेट लाईनला जोडलं, की ट्रेमधनं पाणी आणि पावडर बाहेर. घर विकलं, भाडेकरू आला, कुणाला आठवणार चकती काढलीय म्हणून. वॉरंटीत असेल तर तोही प्रश्न.

दुरुस्ती_अनगोळ
वॉरंटीत असेल तर मी हात लावत नाही. बाकी मी काढलेली चकती पाकिटात घालून मशीनच्या मागंच चिकटवतो आणि घरच्यांना सांगतो. आजपर्यंत तक्रार आली नाही. पण पंप लावणार असाल तर चकती काढायचीच नाही, हे मी पण मानतो.

खानापूरचा_बाळू
या दोघांचं कधी जमणार नाही. आमच्या खानापुरात एकच उपाय, पाणी सुटायची वेळ आणि धुण्याची वेळ एक करायची.

अथणीचा_मळेकरी
बाळूदादा ते पण खरंच आहे की, पैसे लागत नाहीत. मशीनमध्ये वेळ लावायची सोय असते, चार तासानं चालू हो म्हणून. मेघाताईंच्या मिस्टरांचं म्हणणं तेच ना, दुपारी टाकी भरली की आपोआप लागेल. घरी कुणी नसलं तरी चालेल.

लता_वडगाव
घरी कुणी नसताना मशीन चालवायला मी भिते. नळाचा पाईप निसटला तर?

मेघा_शहापूर
लता, मला पण तीच भीती. म्हणून ते नको.

सध्या एवढं ठरलंय. टाकी आत उतरून धुवून घेतली, तळाला बोटभर गाळ होता, जाळ्या परत भरायचं कारण तेच असणार. आणि टाकी साफ करताना लक्षात आलं की आमच्या टाकीचं बाहेर जाणारं भोक अगदी तळाला आहे, म्हणजे पहिला गाळ सरळ पाईपमध्येच. प्लंबर म्हणाला आतल्या बाजूनं दोन-तीन इंचाचा तुकडा उभा बसवला तर वरचं स्वच्छ पाणी जाईल. चालेल ना हे?

अभियंता_हिंदवाडी
चालेल, उत्तम. तेवढं पाणी तळाला अडकून राहील पण गाळ तिथंच बसेल. तळाला वेगळा वॉशआऊट ठेवा आणि अधूनमधून उघडून सोडा. पावसाळ्यात जास्त वेळा.

आक्का_निपाणी
आमच्यात गच्चीवर पंप आहे, रात्री चालू झाला की झोप मोडते, तेवढं बघून घ्या. स्टँडला माझं मत.

दुरुस्ती_अनगोळ
मेघाताई, पंप घ्या किंवा स्टँड करा, वेगळी लाईन मात्र दोन्हीत टाकाच. आणि मशीनला थेट जोडलेल्या नळावर लक्ष ठेवा. बऱ्याच घरात तो लहान कोनाचा नळ असतो आणि आतला वॉशर सुजून नळ पूर्ण उघडल्यासारखा दिसतो पण निम्माच उघडतो. बादलीची चाचणी नळ बदलून एकदा परत करा.

मेघा_शहापूर
नळ बदलला आज. फरक पडला पण थोडाच, १० लिटर आता एक मिनिट दहा सेकंद. म्हणजे तो दोषी नव्हता. स्टँडसाठी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलंय, तो बीम कुठं आहे ते बघून मग सांगतो म्हणाला. बीम जागेवर नसेल तर फक्त मशीनच्या लाईनला पंप, दादांनी सांगितल्यासारखा. चकतीला मात्र हात लावायचा नाही असं मिस्टरांनी सांगितलंय.

गौरी_कॅम्प
सगळं वाचलं. आमचं टॉप लोड आहे, मागं दोन तोंडं आहेत, गरम आणि थंड. थंडचा पाईप जोडलाय, गरमचा नाही. जाळी धुतली, टाकी तीन मजले वर आहे म्हणजे दाब भरपूर असणार, तरी काही प्रोग्रॅमला IE येतंच. हे पण असंच आहे का?

दुरुस्ती_अनगोळ
गौरीताई, नाही. कोमट किंवा गरम लावलं की मशीन गरमच्या तोंडातनं पाणी मागतं आणि तिथं काही जोडलेलंच नाही. प्रोग्रॅममध्ये पाण्याचं बटण थंडवर करा आणि बघा. थंडवर पण आलं तर सांगा, मग दुसरं शोधूया.